दत्तक रजेचा अर्ज: आदेश येण्याआधी काय जोडायचं?

दत्तक रजा मागणाऱ्या आईकडे एचआर बहुतेक वेळा दोन कागद मागतं: दत्तक आदेश आणि बाळाचा जन्मदाखला. बाळ घरी येतं त्या दिवशी यातला एकही कागद तिच्या हातात नसतो. बरेच अर्ज अडकतात ते इथेच.

कागद कोणत्या क्रमाने मिळतात ते पाहू. ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी होते, समाजसेविका घरी येऊन गृहअभ्यास अहवाल तयार करते, मग वाट पाहणं सुरू होतं. मॅचिंग झाल्यावर बाळ राखून ठेवायला 48 तासच मिळतात. पुढे संस्थेत भेट होते, अहवालांवर सह्या होतात, आणि काही दिवसांतच बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे प्री-ॲडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये, आईवडिलांच्या स्वाधीन केलं जातं. दत्तक आदेश त्यानंतर येतो. 2022च्या सप्टेंबरपासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. आईवडिलांच्या नावाचा जन्मदाखला तर आदेशाच्याही नंतर निघतो.

कायद्यात मात्र 12 आठवडे मोजले जातात ते बाळ आईच्या हाती दिलं त्या तारखेपासून. 2017च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात हे आलं, आणि 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. म्हणजे आदेशाची वाट पाहत बसलं, तर रजेचा मोठा भाग आदेश येण्याआधीच संपून जाईल. म्हणून अर्जासोबत जोडायचा मुख्य कागद म्हणजे बाळ स्वाधीन केल्याचं संस्थेचं पत्र. त्यावर तारीख, संस्थेचा शिक्का आणि सही हवी. जोडीला दत्तकपूर्व संगोपनाच्या हमीपत्राची प्रत द्यावी. नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायद्याखाली घेतलं असेल, तर नोंदणीकृत दत्तकपत्र हा पुरावा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत काम करणाऱ्या बाईंना 3 जूनला मॅचिंगचा संदेश आला. त्यांनी त्याच आठवड्यात एचआरला ई-मेल केला, वरिष्ठांना प्रत ठेवली: ‘बाळ येत्या काही दिवसांत ताब्यात मिळेल, नक्की तारीख संस्था कळवेल.’ 14 जूनला बाळ घरी आलं. त्याच दिवशी दुसरा ई-मेल गेला: ‘आज, 14 जून रोजी, बाळ संस्थेने आमच्या स्वाधीन केलं आहे. 14 जून ते 5 सप्टेंबर या 12 आठवड्यांसाठी मी दत्तक रजा घेत आहे. या काळात मी अन्यत्र नोकरी करणार नाही. संस्थेचं पत्र जोडलं आहे. दत्तक आदेश मिळताच प्रत देईन.’ अन्यत्र काम न करण्याचं वाक्य गाळू नये, कारण प्रसूती रजेच्या नोटिशीत कायद्याने ते मागितलं आहे. रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अपेक्षित प्रसूती दिनांक’ असा रकाना आला, तर तिथे बाळ मिळाल्याची तारीख घालून शेऱ्यात ‘दत्तक’ लिहावं.

नोटीस किती आधी द्यावी? मॅचिंग झालं की हातात थोडेच दिवस उरतात, त्यामुळे महिनाभर आधी कळवा म्हणणारं धोरण इथे पाळताच येत नाही. माझं मत असं, की गृहअभ्यास अहवाल पूर्ण झाल्यावर एचआरमधल्या एका जबाबदार व्यक्तीला लेखी कळवून ठेवावं आणि त्याच वेळी कंपनीचं दत्तक धोरण मागून घ्यावं. त्यात बाळाच्या वयाची अट काय आहे, ते आधी वाचा. 2017च्या तरतुदीत बाळ तीन महिन्यांहून लहान असावं असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात मूल कायदेशीरदृष्ट्या दत्तकयोग्य ठरायलाच बराच वेळ जातो, म्हणून ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानाचा विषय झाली. आपल्याला कोणती अट लागू आहे, याचं उत्तर एचआरकडून ई-मेलवरच घ्यावं. अनेक कंपन्या कायद्यापेक्षा मोठी रजा देतात, काही ठिकाणी वडिलांनाही देतात; खासगी नोकरीत वडिलांना ती मिळते ती फक्त धोरणाच्या आधारावर. ‘ईएसआय’मध्ये असणाऱ्या बाईंना पैसे कंपनीकडून नाही, तर महामंडळाकडून मिळतात, त्यामुळे दावा तिथे करावा लागतो.

बाळाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल मात्र एचआरला देऊ नका. बाळ कुठे सापडलं, त्याला जन्म देणारी आई कोण, तब्येतीचा इतिहास काय, हे रजा मंजूर करायला लागत नाही. ती माहिती त्या बाळाची आहे आणि एकदा ऑफिसच्या फाइलमध्ये गेली की परत काढता येत नाही. कोणी मागितलीच, तर संस्थेचं पत्र पुरेसं आहे असं लेखी कळवा, आणि अडलं तर संस्थेतल्या समाजसेविकेला एचआरशी थेट बोलायला सांगा.