हिरव्या झाडावरची लाल मिरची

समजा, भोरजवळच्या उत्रोलीत मिरचीच्या वाफ्यात चार जण पिकलेल्या मिरच्या तोडतायत. तिघांचे हात नेमके लाल मिरचीवर पडतात. चौथा पानं बाजूला सारून मिरचीचा आकार शोधत बसतो. त्याची नजर अधू नाही. लांबचं, बारीकसारीक त्यालाही तितकंच स्वच्छ दिसतं.

डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातल्या दोघींची रंगद्रव्यं जवळजवळ जुळी आहेत: एक सुमारे ५३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतं, दुसरं ५६०च्या. एकट्या पेशीला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून पुढच्या चेतापेशी या दोघींची वजाबाकी करतात. बाकी एका बाजूला झुकली की लाल, दुसऱ्या बाजूला झुकली की हिरवा. एकच बाकी एकाच वेळी दोन्हीकडे झुकणार कशी? म्हणून निळसर लाल आपल्याला दिसतो, पण हिरवट लाल कधीच दिसत नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेरिंगनं एकोणिसाव्या शतकात हे नेमकं हेरलं होतं. निळ्या-पिवळ्याची वजाबाकी वेगळी: तिसरी, निळ्याला दाद देणारी पेशी एकीकडे आणि या दोघींची बेरीज दुसरीकडे.

आता जुळ्यांपैकी एक रंगद्रव्य नसलं तर? त्या दोन प्रकारच्या पेशी शाबूत राहतात, पण त्या सगळ्यांत उरलेलं एकच द्रव्य असतं. वजा करायला दुसरी रक्कमच नाही. पान आणि मिरची, दोन्ही निळा प्रकाश फारसा परतवत नाहीत, त्यामुळे दोन्ही पिवळट-तपकिरी दिसतात. फरक उरतो तो उजेडाचा, आणि सावलीतलं पान तोही पुसून टाकतं. ५६०वालं द्रव्य गेलं असेल तर लाल मिरची काळपट दिसते आणि गाडीचा ब्रेकलाइटही मंद वाटतो. ५३०वालं गेलं तर असा काळोख येत नाही.

या दोन्ही द्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आणि जवळपास सारखी आहेत. त्यामुळे बीजांड तयार होताना त्यांची जोडी कधीकधी चुकीची जुळते. एका गुणसूत्रात जनुक जास्त येतं, दुसऱ्यात कमी पडतं. कधी दोघांचं मिश्रण होतं, मग वजाबाकी होते पण बाकी क्षीण. असे लोक पूर्ण उणीव असलेल्यांपेक्षा जास्त आहेत. पुरुषाला एक्स एकच, भरपाईला दुसरा नाही. म्हणून हा वारसा बापाकडून मुलाकडे नव्हे, तर लेकीमार्फत आजोबांकडून नातवाकडे जातो.

इशिहारा चाचणी, १९१७ची, याच उणिवेवर बेतलेली आहे. ठिपक्यांचा उजेड मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे आकडा फक्त रंगाच्या फरकानंच ओळखता यावा. पण ही उणीव असलेल्या माणसाला एखादं काम जमेल की नाही, हे ती सांगत नाही. पुण्याच्या एफटीआयआयनं संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारला. उच्च न्यायालयात तो हरला. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला प्रवेश द्यायचा आदेश दिला.