अंदाजे टन आणि खरे टन

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात निविदा सूचना येते: 'पशुखाद्य वाहतुकीसाठी वार्षिक दर मागविण्यात येत आहेत.' खाली तक्ता असतो. कुठून कुठे, किती टन, किती दर. ट्रकमालकाची नजर थेट दराच्या रकान्याकडे जाते. मला मात्र टनांचा रकाना आधी वाचावासा वाटतो, कारण त्याच्या डोक्यावर 'अंदाजे' हा शब्द असतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा, कोल्हापूरहून वर्षाला पुण्याला ६,००० टन आणि रत्नागिरीला १,००० टन माल जाणार आहे. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. त्यात स्वतःच्या गाड्या, परवाने, विमा, कामाचा अनुभव आणि बयाणा रक्कम तपासतात. त्यात टिकलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडला जातो. दर गुणिले टन, दोन्ही मार्गांची बेरीज, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी त्याला काम.

पहिला वाहतूकदार पुण्याला टनामागे ९०० आणि रत्नागिरीला ८०० रुपये भरतो. बेरीज ६२ लाख. दुसरा पुण्याला ८४० आणि रत्नागिरीला १,१०० भरतो. बेरीज ६१ लाख ४० हजार. काम दुसऱ्याला मिळतं. वर्षभरात कोकणात मागणी वाढते, पुण्याची घटते. प्रत्यक्षात पुण्याला ४,००० आणि रत्नागिरीला ३,००० टन जातात. एकूण माल तेवढाच, ७,००० टन. पण दुसऱ्याचं बिल होतं ६६ लाख ६० हजार. पहिल्याकडून हेच काम ६० लाखांत झालं असतं.

दुसऱ्याने फसवलं असं म्हणता येत नाही. कोकणातली मागणी त्याने बाजारात आधीच हेरली असेल, किंवा आंबा घाट उतरून गेलेली गाडी परतीच्या मालाशिवाय रिकामी येते याचा खर्च त्याने धरला असेल. चूक निविदा लिहिणाऱ्याची आहे. दोन मार्ग वेगवेगळे काढून प्रत्येकाचा कमी दर स्वतंत्र पाहिला असता, किंवा अंदाजापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दर पुन्हा ठरतील अशी अट घातली असती, तर हा खड्डा पडला नसता.

उलटा धोका वाहतूकदाराला असतो. पुण्याच्या ६,००० टनांच्या भरवशावर त्याने हप्त्यावर गाडी घेतली आणि माल निम्मा आला, तर हप्ता त्याच्याच गळ्यात पडतो. 'अंदाजे परिमाणाची हमी नाही' ही ओळ सूचनेत असतेच. डिझेल वाढलं तर दर वाढेल का, याचं कलम नसेल तर तो तोटाही त्याचाच.

म्हणून दर भरण्याआधी होणाऱ्या बैठकीत उठून एक प्रश्न विचारावा: गेल्या तीन वर्षांत या मार्गावर प्रत्यक्ष किती टन गेले? आकडे तोंडी ऐकून खाली बसू नये. शुद्धिपत्रकात छापून मागावेत.