मुळाच्या टोकातले जड दाणे

मोड आलेला हरभरा ओल्या टीपकागदावर आडवा ठेवला, की काही तासांत त्याचे मूळ खाली वळते आणि कोंब वर उठतो. कारण विचारले तर बहुतेक जण ‘गुरुत्वाकर्षण’ एवढेच सांगतील. पण गुरुत्वाकर्षण मुळाला ओढून वाकवत नाही. तसे असते तर कोंबही खालीच झुकला असता. एकोणिसाव्या शतकात काही संशोधकांनी कोवळी मुळे पाऱ्यावर वाढू दिली, तेव्हा ती पाऱ्यातही खाली शिरली. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो. नुसत्या वजनावर मूळ त्यात बुडणे शक्य नव्हते, ते जोर लावून वाढत होते. म्हणजे खाली कुठे आहे हे मुळाला आधी कळते आणि मग ते त्या दिशेने स्वतःची वाढ वळवते.

कळते कुठे आणि वळते कुठे, हे घरीही तपासता येते. हरभऱ्याच्या सरळ मुळावर टोकापासून एकेक मिलिमीटरवर शाईचे ठिपके द्या आणि मूळ आडवे ठेवा. टोकाच्या थोडे मागे, जिथे ठिपके एकमेकांपासून भराभर दूर जातात तिथेच बाक पडतो. टोक स्वतः वाकत नाही, त्याला मागचा भाग फिरवतो. आता दुसऱ्या मुळाचे टोक धारदार पात्याने अगदी थोडे, मिलिमीटरभरही नाही, इतके कापून ते मूळ आडवे ठेवा. वाढ चालू राहते, पण मूळ आडवेच जाते. १८७२ मध्ये सिएसिएल्स्की याने हेच दाखवले होते. एखाद्या दिवसाने जखमेवर नवे टोक तयार झाले, की मूळ पुन्हा खाली वळू लागते. काप जास्त खोल गेला तर वाढच खुंटते आणि प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मूळ अजून लांब होते आहे ना, हे ठिपक्यांवरून आधी पाहावे लागते.

चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांना प्रकाशाच्या बाबतीतही हीच गंमत आढळली. गवताचा दाणा रुजला की पहिले पान एका बारीक बंद नळीतून वर येते. डार्विन पितापुत्रांनी एका गवताच्या अशा नळ्यांवर एका बाजूने उजेड पाडला. त्या उजेडाकडे वाकल्या. शेंड्यावर अपारदर्शक टोपी घातली, तेव्हा त्या सरळच राहिल्या. टोपी काढून फक्त खालचा भाग झाकला, तर पुन्हा वाकल्या. उजेड शेंड्याला दिसत होता आणि वाकत होता त्याच्या खालचा भाग. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी १८८० मध्ये लिहिले.

तो निरोप पकडला फ्रिट्स वेंट या डच तरुणाने, १९२६ च्या सुमारास उट्रेख्त येथे. त्याने ओटच्या कोंबांचे शेंडे कापून अगारच्या चकतीवर ठेवले. शेंड्यातून झिरपणारा पदार्थ अगारमध्ये उतरल्यावर त्याने शेंडे फेकून दिले आणि अगारचा बारीक तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला ठेवला. हे सारे अंधारात चालले होते. जो काही उजेड लागे तो लाल दिव्याचा, कारण लाल प्रकाशाकडे ओटचा कोंब वळत नाही. अगारखालची बाजू जास्त वाढली आणि कोंब विरुद्ध बाजूला वाकला. चकतीवर जितके जास्त शेंडे ठेवावेत, तितका वाकण्याचा कोन एका मर्यादेपर्यंत वाढत जाई. रसायनशास्त्रज्ञांना तो पदार्थ अजून वेगळा काढता आला नव्हता, पण वेंटला कोन मोजून त्याचे प्रमाण सांगता येऊ लागले. हाच तो ऑक्झिन. त्याचे रासायनिक रूप इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

एक प्रश्न मात्र बरीच वर्षे लोंबकळत राहिला. सावलीच्या बाजूला ऑक्झिन जास्त असते ते कशामुळे? उजेडाच्या बाजूचे ऑक्झिन नष्ट होते म्हणून, की ते पलीकडे सरकते म्हणून? विन्स्लो ब्रिग्ज याने १९५७ मध्ये मक्याच्या कोंबांवर याचा फार नेटका निकाल लावला. अंधारातल्या आणि एका बाजूने उजेड दिलेल्या शेंड्यांतून अगारमध्ये उतरलेले एकूण ऑक्झिन जवळपास सारखेच निघाले, म्हणजे उजेडात ते नष्ट होत नव्हते. मग त्याने शेंडा मधोमध उभा चिरून दोन अर्धांमध्ये पातळ काच बसवली. आता दोन्ही बाजूंना सारखेच ऑक्झिन मिळाले. काच अर्धवट बसवून वरचे टोक जोडलेले ठेवले, तेव्हा सावलीकडची बाजू पुढे गेली. ऑक्झिन शेंड्यातच आडवे सरकत होते. उजेडाने ऑक्झिन जळते, असे आजही काही जण सांगतात. त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

उजेड ओळखणारे प्रथिन सापडायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९९७ मध्ये ब्रिग्जच्याच गटाने मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात त्याचे जनुक शोधले. या प्रथिनाला फोटोट्रोपिन म्हणतात आणि ते निळा प्रकाश टिपते. वेंटचा लाल दिवा निरुपद्रवी का ठरला, त्याचे उत्तर यात आहे. उजेडाकडच्या पेशींमध्ये फोटोट्रोपिन जास्त जागे होते, सावलीकडे कमी. या फरकामुळे ऑक्झिन पेशीबाहेर सोडणाऱ्या प्रथिनांचे काम दोन बाजूंना वेगवेगळे होते आणि ऑक्झिनचा प्रवाह सावलीकडे कलतो.

सावलीची बाजू लांबते कशी? ऑक्झिन पोचल्यावर पेशी आपल्या भिंतीत जास्त आम्ल सोडते. आम्ल वाढले की भिंतीतले धागे एकमेकांवरून सरकू देणारी प्रथिने कामाला लागतात आणि भिंत सैल पडते. आत पाण्याचा दाब असतोच. त्या दाबाने पेशी ताणली जाते. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी जास्त ताणली गेली, की कोंब उजेडाकडे झुकतो. सावलीतल्या बाजूची वाढ कोंबाला प्रकाशाकडे नेते, हे ऐकायला उलटे वाटते खरे.

आता परत आडव्या मुळाकडे. टोकावरच्या मूलटोपीत मधोमध काही ठरावीक पेशी असतात. त्यांच्यात पिष्टाने गच्च भरलेल्या पिशव्या असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना अमायलोप्लास्ट म्हणतात, आणि तोल ओळखण्याचे काम करतात तेव्हा स्टॅटोलिथ. पिष्ट पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असते, त्यामुळे बरणी आडवी केली की तळातली रेव जशी कडेला येऊन बसते, तसे हे दाणे पेशीच्या नव्या तळाशी येतात. याला काही मिनिटे पुरतात. पिष्ट साठवणाऱ्या पेशी झाडात इतरत्रही भरपूर असतात, पण तिथले दाणे असे सहज घरंगळत नाहीत. १९०० मध्ये हाबरलांट आणि नेमेट्स या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवले, की मुळाला खालची दिशा हेच दाणे सांगतात.

सूचना पटण्यासारखी होती, पण पुरावा जमायला वेळ लागला. अ‍ॅराबिडॉप्सिसची पिष्टच बनवू न शकणारी रोपे तपासली, तेव्हा त्यांची मुळे वळली, पण फार मंदपणे. याचा अर्थ दाणे अजिबात लागत नाहीत असा नव्हे. पिष्ट नसलेल्या हलक्या पिशव्याही थोडे काम करत असाव्यात, आणि खालची दिशा ओळखण्याचे आणखी एखादे साधन असण्याची शक्यताही उरते. थेट पुरावा चुंबकाने दिला. पिष्टाला चुंबकीय क्षेत्र अतिशय क्षीणपणे दूर लोटते. १९९६ मध्ये कुझ्नेत्सोव्ह आणि हासेनस्टाइन यांनी मुळाच्या टोकाजवळ तीव्र चुंबकीय क्षेत्र लावून दाणे एका बाजूला सरकवले आणि मूळ त्या बाजूला वळले. पृथ्वीने नव्हे, माणसाने दाणे हलवले, तरीही मुळाने त्यांचेच ऐकले.

दाणे खाली बसल्यावर पुढे काय होते, याचा एक दुवा २०२३ मध्ये मिळाला. लेझी नावाची प्रथिने दाण्यांच्या पृष्ठभागावर असतात. दाणे तळाशी आले की ही प्रथिने जवळच्या पेशीपटलावर जातात, आणि ऑक्झिन बाहेर सोडणारी पिन प्रथिने त्याच बाजूला जास्त काम करू लागतात. या जनुकांत बिघाड असलेला भात पसरट वाढतो, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. ऑक्झिन मूलटोपीच्या खालच्या बाजूला जास्त जाते आणि तिथून मुळाच्या बाहेरच्या थरांतून मागे, लांबणाऱ्या भागापर्यंत पोचते. शाईच्या ठिपक्यांनी दाखवलेला बाक इथलाच.

पण मुळात खालच्या बाजूला ऑक्झिन जास्त असताना ते खाली वळते, आणि आडव्या कोंबातही खालच्याच बाजूला ऑक्झिन जास्त असताना तो वर वळतो. कोंबातही स्टॅटोलिथ असतात. ते खोडाच्या आतल्या एका थरात असतात. पदार्थ तोच, बाजूही तीच. फरक प्रतिसादात आहे. कोंबाची वाढ ज्या प्रमाणात वेग घेते, त्याच प्रमाणात मुळाची वाढ थांबते, कारण मूळ ऑक्झिनला शेकडो पटींनी जास्त संवेदनशील असते. मुळाची खालची बाजू रेंगाळते, वरची पुढे जाते आणि टोक खाली वळते. हे थांबणे आश्चर्यकारक वेगाने होते. मुळाला ऑक्झिन दिल्यावर मिनिटभरही न जाता वाढ मंदावते आणि ऑक्झिन काढून घेतले की पुन्हा सुरू होते. मूळ उभे झाले की दाणे पुन्हा टोकाकडच्या तळाशी बसतात, दोन्ही बाजूंचे ऑक्झिन सारखे होते आणि वळणे थांबते.

या नियमाला आव्हान देणारी एक चीज आपल्या शेतात आहे. भुईमुगाचे फूल सुकल्यावर त्याच्या बुडाशी जी आरी निघते, ती मूळ नव्हे. तिच्या टोकाशी बीजांडे असतात, म्हणजे ती फुलाचाच वाढलेला भाग, कोंबाच्या जातीची. तरीही ती मुळासारखी जमिनीकडे जाते. तिच्यातही पिष्टाचे दाणे आहेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आरी आडवी ठेवून ऑक्झिन तपासले, तेव्हा ते वरच्या बाजूला जमलेले आढळले. कोंबाप्रमाणेच आरीतही ऑक्झिन वाढ वाढवते, आणि ते वरच्या बाजूला गेल्यामुळे वरची बाजू लांबते व आरी खाली वळते. म्हणजे इथे प्रतिसाद कोंबाचाच राहिला, उलटली ती ऑक्झिनची बाजू.

आरीची लांबी मात्र मर्यादित असते. झाडावर उंच फुललेल्या फुलांच्या आऱ्या खाली वळल्या तरी मातीपर्यंत पोचत नाहीत, आणि मातीतल्या अंधाराशिवाय शेंग भरत नाही. म्हणून आऱ्या सुटण्याच्या वेळी शेतकरी भुईमुगाला मातीची भर देतात किंवा उभ्या पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात. फांद्या जमिनीला टेकतात, आणि उरलेले थोडे अंतर आरी पार करते.