एक लाख कुठून आले?

ठाण्याच्या एका कंपनीचा २०२३-२४चा वार्षिक अहवाल डोंबिवलीत माझ्या टेबलावर आला, तेव्हा प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘रुपये मिलियनमध्ये’ असं होतं. ‘दशलक्ष रुपयांत’ लिहिलं असतं तर चूक कोणी म्हणालं नसतं. पण आमच्याकडे घराची किंमतही लाखांत बोलतात आणि ठेवही. भागधारकाने प्रत्येक आकडा मनात दहाने का गुणत बसावं? मी सगळं कोटींत करायचं ठरवलं. दहा दशलक्षांचा एक कोटी, म्हणजे दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की झालं.

तिथेच फसले. खर्चाच्या तीन ओळी होत्या : ४५.६७, २३.४५ आणि १२.३८ दशलक्ष, बेरीज ८१.५०. कोटींत, दोन दशांशांपर्यंत राउंड केल्यावर त्या ४.५७, २.३५ आणि १.२४ झाल्या. खाली बेरीज मात्र ८.१५. कल्याणला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका माझे तक्ते तपासून देतात. त्यांनी पेन्सिलीने ८.१६ लिहिलं आणि विचारलं, “अगं, हे एक लाख कुठून आणलेस?” कोटीचा शंभरावा भाग म्हणजे लाखच की!

मग लाखांत केलं. दशांशचिन्ह आता उजवीकडे गेलं : ४५६.७, २३४.५, १२३.८, बेरीज ८१५.०. एकही अंक गळला नाही. मूळ तक्त्यातलीच बेरीज एखाद्या अंकाने चुकत असेल, तर मी ती दुरुस्त करत नाही. लेखापरीक्षकाने सही केलेले आकडे आहेत ते. कंपनीला कळवते आणि गप्प बसते.

पूर्ण रुपयांतल्या तक्त्यांत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडावेत म्हणून एक्सेलमध्ये हे घालतात :

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

नफ्याच्या ओळी छान दिसतात. उणे आकडे मात्र कुठल्याच अटीत बसत नाहीत, शेवटच्या भागात घसरतात, आणि १,२३,४५,६७८चा तोटा -१२,३४५,६७८ असा विलायती वेशात उभा राहतो. त्यामुळे तोट्याच्या ओळी मी अजूनही डोळ्यांनीच शोधते.

तारखांचा घोळ परदेशी उपकंपनीच्या कर्जांच्या यादीत निघाला. एका कर्जापुढे नुसतं ०४/०३/२०२४ होतं. ४ मार्च की ३ एप्रिल? अशा वेळी त्याच रकान्यात बारापेक्षा मोठा अंक शोधायचा. चार ओळी वर ०३/२७/२०२४ सापडलं. सत्ताविसावा महिना नसतो, तेव्हा यादीत महिना आधी होता. म्हणजे ते कर्ज ३ एप्रिलचं, अहवालाचं वर्ष ३१ मार्चला संपल्यानंतर तीन दिवसांनी घेतलेलं.