बहिणीचा वाटा न्यू जर्सीला कसा पोचतो?

परदेशी राहणाऱ्या वारसाने पुण्यातलं घर विकलं आणि पैसे तिकडे पाठवायला बँकेत अर्ज केला, की बँक दोन गोष्टी विचारते. हा पैसा तुमचा कसा? आणि त्यावरचा कर भरला का? लोकांना वाटतं, खरी अडचण इथे, शेवटच्या टेबलावर असते. प्रत्यक्षात या दोन प्रश्नांची उत्तरं विक्रीच्या आधीच तयार झालेली असतात, किंवा तेव्हाच बिघडलेली असतात. म्हणून इथे काम उलट्या दिशेने समजून घेतलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ. वडिलांनी २०१४ मध्ये कोथरूडला फ्लॅट घेतला, मुद्रांकशुल्क धरून ९० लाखांना. आई आधीच गेलेली, वडील २०२५ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत, अमेरिकी नागरिक आणि ओसीआय कार्डधारक. फ्लॅट १ कोटी ६० लाखांना विकायचा आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे दोघांचा निम्मा निम्मा वाटा, म्हणजे ८०-८० लाख.

पहिला प्रश्न मालकीचा. सोसायटीच्या दप्तरात भावाचं नाव नॉमिनी म्हणून असतं आणि घरात सगळे गृहीत धरतात की काम झालं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील वारस कोण ते लेखी मागतो. तो दाखला दिवाणी न्यायालयातून मिळतो, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि काही महिने जातात. ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ नावाचा कागद वेगळा, तो एफडी, शेअर्स अशा जंगम ठेवींसाठी. घरासाठी वारस दाखलाच लागतो. इथे मराठी घरातली एक हमखास अडचण पुढे येते, ती लग्नानंतर बदललेल्या नावाची. वडिलांच्या कागदांत माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, अमेरिकी पासपोर्टवर मधलं नावच नाही. ही सगळी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा दाखला अर्जासोबतच जोडून टाकावा. नंतर प्रत्येक टेबलावर हेच सांगत बसावं लागत नाही.

बहीण येऊ शकत नसेल तर भावाच्या नावे मुखत्यारपत्र करते. ते भारतीय वकिलातीमार्फत करता येतं, किंवा नोटरीसमोर सही करून राज्य सरकारचा अपॉस्टिल घेता येतो. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांकशुल्क भरावं लागतं. सख्ख्या भावाला विनामोबदला दिलेल्या मुखत्यारपत्राला महाराष्ट्रात ५०० रुपये लागतात. शेजाऱ्याला किंवा मित्राला विक्रीचे अधिकार दिले तर मात्र खरेदीखताइतकं शुल्क पडू शकतं. मुखत्यार कोण, यावर इतकी रक्कम अवलंबून असते हे अनेकांना सही झाल्यावर कळतं.

आता कर. एकाच खरेदीखतावर सही करणाऱ्या या दोघा भावंडांना खरेदीदाराने वेगवेगळा टीडीएस कापायचा असतो. भावाच्या वाट्यावर १ टक्का, म्हणजे ८० हजार. बहीण अनिवासी, म्हणून तिच्या वाट्यावर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर मिळून १४.३ टक्के. खरेदीदाराला तिचा नफा किती ते ठरवायचा अधिकार नसतो, म्हणून तो टक्का पूर्ण रकमेवर लागतो. ८० लाखांवर होतात ११ लाख ४४ हजार.

तिचा खरा कर काढून पाहा. वारसाने मिळालेल्या घराची किंमत म्हणून वडिलांची खरेदीची किंमत धरतात आणि मुदतही त्यांच्या खरेदीपासून मोजतात. निम्मी किंमत ४५ लाख, नफा ३५ लाख. त्यावर १२.५ टक्के आणि उपकर मिळून ४ लाख ५५ हजार. २३ जुलै २०२४ नंतर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना हिशेब निवडण्याची सवलत उरली आहे ती फक्त निवासी विक्रेत्यांना. तिला ती नाही. तरीही जवळजवळ ७ लाख रुपये जास्तीचे कापले जातात आणि विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे पडून राहतात.

यावर उपाय म्हणजे कमी दराने कपात करण्याचा आयकर खात्याचा दाखला. ट्रेसेस पोर्टलवर बहिणीच्या पॅनवरून अर्ज करायचा. सोबत वडिलांचं खरेदीखत आणि इंडेक्स टू, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, खरेदीदाराशी झालेला करार आणि नफ्याचा हिशेब. आंतरराष्ट्रीय करआकारणीचा अधिकारी तपासून त्या व्यवहारापुरता दर ठरवून देतो. महिना-दोन महिने सहज जातात. घाईत लोक चुकतात ते इथेच. दाखला मागच्या पैशाला लागू होत नाही. आधीच घेतलेल्या आगाऊ रकमेवरही टीडीएस लागतोच. शिवाय दाखला त्या आर्थिक वर्षापुरता, म्हणून ३१ मार्च ओलांडणारा व्यवहार असेल तर नवा काढावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक बदलले आहेत. तेव्हा सीएला क्रमांक नव्हे, काम सांगावं.

दुसरी चूक खरेदीदाराची. ‘भावाचा एक टक्का कापला, बहिणीचाही तोच’ असं समजून तो मोकळा होतो. काही महिन्यांनी नोटीस येते ती खरेदीदाराला, व्याजासकट. म्हणून मालक अनिवासी आहे हे करारातच लिहावं. लपवून कुणाचाच फायदा होत नाही.

तिसरी चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महाग. सगळे पैसे भावाच्या खात्यात येतात, ‘मग तो पाठवेल तिचे’ असं ठरतं. पण भावाने पाठवलेला पैसा म्हणजे भावाची भेट. वारशाचा मागमूस तिथेच पुसला जातो. खरेदीदाराचा चेक बहिणीच्या नावाने तिच्याच एनआरओ खात्यात जमा व्हायला हवा. त्या खात्यातून दर आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. सीए करभरणा तपासून प्रमाणपत्र देतो, तिने ऑनलाइन घोषणापत्र भरायचं आणि वारशाचे कागद, खरेदीखत, टीडीएसची पावती बँकेला द्यायची. बँकेचे ते दोन प्रश्न इथे आपोआप सुटतात.

वडिलांकडे गावी शेती असेल तर मात्र बेत बदलावा लागतो. वारसाने आलेली शेतजमीन बहीण ठेवू शकते, पण विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

आणि अमेरिकेचं काय? भारताने वडिलांच्या २०१४ च्या किमतीवरून नफा काढला. अमेरिका साधारणपणे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरते. तेव्हा तिच्या निम्म्या वाट्याचा भाव ७७ लाख असेल तर तिथे नफा उरतो जेमतेम ३ लाखांचा. एकच फ्लॅट, दोन देशांत दोन नफे. म्हणून मूल्यमापकाकडून मृत्यूच्या तारखेचा भाव लिहून घ्यावा, विक्रीच्या वेळचा नव्हे. परदेशातून मिळालेला वारसा एक लाख डॉलरच्या वर गेला की अमेरिकेत त्याची माहिती द्यावी लागते. फ्लॅटचा निम्मा वाटा कदाचित या रेषेच्या आत राहील, पण वडिलांच्या एफडी धरल्या की ओलांडेल. आणि एनआरओसह परदेशी खात्यांत वर्षात कधीही मिळून १० हजार डॉलरहून जास्त रक्कम असेल तर तिची वेगळी नोंद तिथल्या अर्थखात्याकडे करावीच लागते, एक रुपयाही अजून न्यू जर्सीला गेला नसला तरी.