दोन गोलांची किंमत

चार संघांचा फुटबॉलचा गट घ्या. समजा, एक चिठ्ठी आहे. तुमचा संघ गटात पहिल्या दोघांत आला तर तिचे शंभर रुपये मिळतील, नाही तर काहीच नाही. या चिठ्ठीची रास्त किंमत किती? संघ पुढे जाण्याची शक्यता चाळीस टक्के असेल तर चाळीस रुपये. खरी मेहनत आहे ती शक्यता काढण्यात.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या गटात दोन फेऱ्यांनंतर अमेरिकेचे ६ गुण आणि गोलफरक अधिक ४ होता. घाना आणि कोलंबिया यांचे ३-३ गुण आणि फरक शून्य, तर भारताचे शून्य गुण आणि फरक उणे ४. शेवटचे दोन सामने १२ ऑक्टोबरला होते. अमेरिका-कोलंबिया नवी मुंबईत, भारत-घाना दिल्लीत.

आता संगणकाला काय सांगायचं? प्रत्येक संघ सरासरी किती गोल करील, याचा अंदाज द्यायचा. त्या सरासरीभोवती तो दोन्ही सामन्यांचे गोल जणू फासे टाकून काढतो, तक्ता मांडतो आणि क्रम लावतो. असं दहा हजार वेळा. त्यात अमेरिका नऊ हजार वेळा पहिल्या दोघांत आली, तर तिची चिठ्ठी नव्वद रुपयांची.

नुसती हार-जीत पाहून भागत नाही. घाना आणि कोलंबिया दोघंही जिंकले, तर तिघांचे ६-६ गुण होतात. मग पाहायचा गोलफरक, नंतर एकूण गोल आणि त्यानंतर आपसातला निकाल. कोलंबिया एका गोलाने जिंकली, तर अमेरिका तिच्या वर राहते. दोन गोलांनी जिंकली, तर दोघांचा फरक अधिक २ होतो. आधीच्या सामन्यांत अमेरिकेचे ४ गोल होते आणि कोलंबियाचे २, त्यामुळे एकूण गोलही हमखास सारखेच भरतात, आणि आपसातल्या विजयावर कोलंबिया वर जाते. म्हणजे साऱ्या किमतीचा कस त्या दुसऱ्या गोलावर होता.

घडलंही तसंच. कोलंबिया ३-१ ने जिंकली, घाना ४-० ने. घाना पहिला, कोलंबिया दुसरी, अमेरिका तिसरी. नियमांचा क्रम बदलून आपसातले निकाल आधी पाहिले असते, जसे युरोपच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाहतात, तर कोलंबिया पहिली आली असती. संगणकात नियम चुकीच्या क्रमाने भरले, तर किमतीही चुकतात.

हिशेब तपासायचा एक सोपा उपाय आहे. पहिल्या दोघांत नेहमी दोनच संघ येतात, म्हणून चारही चिठ्ठ्यांच्या किमतींची बेरीज बरोबर दोनशे रुपये यायला हवी. पण बेरीज जुळली म्हणजे सुरुवातीचा अंदाज खरा ठरला, असं नाही. आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय तेही नीट वाचावं. या स्पर्धेत सहा गटांतले चार सर्वोत्तम तिसरे संघही पुढे जात होते. ‘पहिल्या दोघांत’ ही अमेरिकेची चिठ्ठी बुडाली. ‘पुढच्या फेरीत’ या चिठ्ठीचे मात्र पुरे शंभर रुपये मिळाले असते.