उचल घेतल्याचं कळलंच नाही

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात एका शाळेत आम्ही भिंतीवर कच्ची चित्रं दाखवत होतो. पेन्सिलीच्या रेघा, चेहऱ्यांना नुसते डोळे, रंग कुठेच नाही. फिल्म तीन मिनिटांची होती. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेल्यावर आज्जीपाशी राहणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. स्टोरीबोर्डची चित्रं एकामागोमाग लावायची, प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ राहील ते ठरवायचं, खाली फोनवर रेकॉर्ड केलेला कच्चा आवाज जोडायचा, की झालं अ‍ॅनिमॅटिक.

हा खटाटोप कशासाठी, ते हिशेबातून कळतं. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. तीन मिनिटांची 2160 होतात, तीही एकाच पात्राची. प्रत्येक चित्राची रेघ साफ करायची, मग रंग भरायचा. अ‍ॅनिमॅटिकला मात्र साठ-सत्तर चित्रं पुरतात आणि त्यातलं एखादं फेकून देताना जीव तुटत नाही.

ट्रक निघण्याचा प्रसंग आमच्या फार आवडीचा होता. भांडी चढतात, कोंबड्यांची पाटी चढते, आई चढते, चाक फिरतं, धूळ उडते, वळणावर ट्रक दिसेनासा होतो. सहा शॉट, 22 सेकंद. कागदावर एकेक चित्र देखणं होतं, पण भिंतीवर तिसऱ्या चित्रापाशीच पोरं एकमेकांशी बोलू लागली. अशा वेळी आमच्यातला एक जण पडद्याकडे बघतच नाही. तो बघणाऱ्यांकडे बघतो आणि मान वळली की वेळ टिपून ठेवतो. कारण उघड होतं. ट्रक चाललाय हे पहिल्या दोन चित्रांतच कळलं होतं, पुढची चार तेच सांगत होती. आम्ही प्रसंग 9 सेकंदांवर आणला. 13 सेकंद वाचले, म्हणजे एका पात्राची 156 चित्रं वाचली.

इथे एक फसगत होऊ शकते. स्थिर चित्र हलत्या चित्रापेक्षा लांब वाटतं, म्हणून कंटाळा आला की लगेच कात्री लावायची नसते. ऊस तोडण्याचा शॉटही रेंगाळत होता, पण तिथे आम्ही कापण्याऐवजी चित्रं वाढवली. कोयता वर, बुडखा तुटला, वाढं छाटलं, ऊस मागे टाकला. चार पोझ लावताच तेवढाच वेळ भरलेला वाटला. ट्रकच्या प्रसंगात चित्रं वाढवूनही ढिलेपणा गेला नव्हता, तेव्हा तो दोष गोष्टीचाच होता. पहिल्या खेळाला संगीतही लावू नये. हलगीचा ठेका ढिला प्रसंग सहज झाकून टाकतो.

गोष्टीतली खरी खोट पुण्यात केलेल्या खेळात सापडली. आवडलं का, असं आम्ही विचारत नाही. काय घडलं ते सांगा, म्हणतो. मुकादम वहीत नाव लिहून बापाच्या हातात नोटा ठेवतो, तो प्रसंग तिथल्या बहुतेकांनी बैल विकल्याचा समजला. मग पैसे मिळूनही आईबाप पोरीला सोडून का जातात, ते कळेना आणि आई निष्ठुर वाटू लागली. बीडच्या पोरांना हा प्रश्नच पडला नव्हता, हंगामाआधी घेतलेली उचल मजुरीतून फेडावी लागते हे त्यांना घरीच ठाऊक होतं. आम्ही आज्जीच्या तोंडी एक वाक्य घातलं, ‘उचल घेतलीय बाई, फेडायला जावंच लागतंय,’ आणि ते ट्रकच्या आधी आणलं. पुढच्या खेळात आईवरचा राग गेला. उलट बीडच्या पोरांनी जे पकडलं ते पुण्यात कुणाला दिसलं नव्हतं. मोळ्या भरण्याचा प्रसंग आम्ही भर उन्हात काढला होता. ‘गाडी रात्री बी येती की,’ फडावर जाऊन आलेला एक जण म्हणाला. रात्र केल्यावर त्या प्रसंगातला थकवा न सांगता कळू लागला. दिवसाची रंगवलेली पार्श्वभूमी तयार असती, तर ती सगळी वाया गेली असती.

मोठ्या स्टुडिओंचीही यातून सुटका नसते. नोव्हेंबर 1993 मध्ये पिक्सारने ‘टॉय स्टोरी’ची अशीच कच्ची रीळं डिस्नेला दाखवली, तेव्हा वुडी इतका खडूस निघाला की काम थांबवावं लागलं. पटकथा नव्याने लिहिली गेली आणि चित्रपट 1995 मध्ये आला.

आता वेळ पक्की झाली आहे, प्रत्येक शॉटची फ्रेमसंख्या लिहून अ‍ॅनिमेटरांकडे गेली आहे. मात्र अ‍ॅनिमॅटिकला अभिनय तपासता येत नाही. आज्जीचं ते वाक्य कच्च्या आवाजात पटलं, पण बोलताना ती पोरीकडे बघते की नजर चुकवते, हे दोन ठिपक्यांच्या डोळ्यांतून कसं कळणार? त्यावर तर त्या प्रसंगाचा सगळा भार आहे. म्हणून क्रम मोडून तोच शॉट आधी पूर्ण करायला घेतला आहे. तो टाइमलाइनवर कच्च्या चित्रांच्या मधोमध बसवून पुन्हा धारूरला दाखवायचा आणि तोवर बाकीच्या शॉटना रंग लावायचा नाही, असं ठरलं आहे.